नकार कोणी दिला?

आमच्या कंपनीत कुठलंही मोठं प्रेझेंटेशन असलं की प्रश्न आधी पाठवायचे, अशी पद्धत आहे. ज्याला जे विचारायचं असेल ते त्याने दोन-तीन दिवस आधी एचआरकडे लिहून पाठवायचं. एचआर ते 'नीट लावून' परत पाठवतं. नीट लावणं म्हणजे अडचणीचे प्रश्न गाळायचे, गुळगुळीत ठेवायचे, आणि कोणता कोणी विचारायचा हेही ठरवून द्यायचं. मग त्या दिवशी लोक हात वर करतात, आत्ताच सुचल्यासारखा चेहरा करून प्रश्न विचारतात, आणि बोलणारा म्हणतो, "फार छान प्रश्न." पाठ केलेला उखाणा ऐनवेळी सुचल्यासारखा घ्यावा, तसा हा प्रकार.

मी वीसेक वर्षं हे पाहत आले. मी हिशेब विभागात आहे. पगार, भविष्यनिर्वाह निधी, विम्याचे हप्ते हे माझं काम. प्रेझेंटेशनमध्ये कोण किती नाटक करतं याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. मागच्या वर्षी आलं, कारण त्या नाटकात एका बाईचं हृदय अडकलं होतं.

आधी विम्याचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमची कंपनी गाड्यांचे पोलादी भाग बनवते. ऑफिस गिंडीला, कारखाना अंबत्तूरला, दोन्ही इकडे तमिळ मुलखात. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा आहे. त्यात कर्मचारी, नवरा किंवा बायको आणि मुलं यांचा हप्ता पूर्ण कंपनी भरते. आईवडिलांना घ्यायचं असेल तर अर्धा हप्ता कंपनीचा, अर्धा पगारातून. या विम्याची मोठी गोष्ट अशी की आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून चालतात. साखर, रक्तदाब, हृदयाचं दुखणं असलेल्या सत्तरीच्या माणसाला बाहेर स्वतंत्र विमा घ्यायला गेलं तर एक तर मिळत नाही, किंवा काही वर्षं थांबा म्हणतात. तेवढी वर्षं असतातच असं नाही.

पूर्वी एकदा आईवडिलांची नावं दिली की दरवर्षी ती आपोआप पुढे चालत. नको असेल त्याने कळवायचं. मग एचआरने बंगळूरची एक सल्लागार कंपनी आणली, आणि तिने ते उलटं केलं. आता दरवर्षी पोर्टलवर जाऊन नव्याने निवड करायची, आणि त्या पानावर 'आईवडिलांचा विमा नको' या पर्यायावर आधीच खूण केलेली. पान उघडलंच नाही, तरी नको. उघडून नुसतं 'पक्कं करा' दाबलं, तरी नको. हवा असेल तर खूण बदलायची, मोबाइलवर आलेला आकडा टाकायचा, आईवडिलांच्या वयाचा पुरावा पुन्हा चढवायचा. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'दरमहा साडेनऊशे रुपये अधिक हातात!' एकदा नाही म्हटलं की पुढची दोन वर्षं परत घेता येत नाही, हे खाली बारीक अक्षरांत.

या सगळ्याला त्यांच्या शास्त्रात नज म्हणतात. माणसाला सक्ती करायची नाही, काही बंद करायचं नाही, फक्त कोपराने हलकेच ढोसायचं. आणि काहीच न केलं तर जे लागू होतं, त्याला डीफॉल्ट म्हणतात. शास्त्र खोटं नाही. माणसं खरंच डीफॉल्टला चिकटून राहतात. मी स्वतः बँकेने दिलेली डायरी आवडत नसूनही वर्षभर वापरते.

तर मागच्या वर्षी, नूतनीकरण महिन्यावर आलं असताना, अंबत्तूरचा एक क्रेनचालक गिंडीला माझ्या टेबलापाशी आला. वरच्या रुळांवरून फिरणारी मोठी क्रेन चालवतो. त्याच्या आईच्या हृदयाची झडप बदलायची होती. डॉक्टर म्हणाले होते, दोन-तीन महिन्यांत करून टाका. रुग्णालयात विम्याचं कार्ड दिलं तर आईचं नाव त्यात नाही.

"मॅडम, गेली सहा वर्षं नाव होतं," तो म्हणाला. "कोणी काढलं?"

"पोर्टलवर तू नको म्हणून कळवलंस का?"

"कुठलं पोर्टल?"

आम्ही बोलत होतो तमिळमध्ये. माझं तमिळ लग्नानंतर शिकलेलं, त्यामुळे त्याला माझ्याशी जरा सावकाश बोलावं लागतं. तो सावकाश बोलला, पण आवाज चढत गेला. कंपनीचा ईमेल त्याने कधी उघडलेला नव्हता. क्रेनवर कोण ईमेल उघडतं? पगारातून दरमहा साडेनऊशे कमी कापले जात होते हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं, कारण त्याच महिन्यात ओव्हरटाइमचे दर बदलले होते.

मी एचआरप्रमुखांना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, रेकॉर्डला स्पष्ट आहे. त्याने पान उघडलंय आणि पक्कं केलंय. आता दोन वर्षं काही करता येणार नाही. विमा कंपनीचा नियम आहे."

"तो म्हणतो त्याने पानच पाहिलं नाही."

"आई आजारी पडल्यावर सगळे तसंच म्हणतात."

हे वाक्य त्याच्या देखत, फोनवर, मला ऐकावं लागलं. क्रेनचालक माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. मी फोन ठेवला आणि त्याला म्हटलं, बघते. दुसरं काय म्हणणार?

दोन दिवसांनी निरोप आला, बंगळूरचे सल्लागार येऊन या योजनेच्या यशाचं प्रेझेंटेशन करणार. विमा कंपनीच्या अधिकारी बाईही येणार, कारण तेच डीफॉल्ट यंदाही ठेवून नवा करार करायचा होता. प्रश्न आधी पाठवावेत.

मी पाठवले.

रात्रीची जेवणं उरकल्यावर जेवणाच्या टेबलाशीच बसून लिहिले. माझे यजमान तंजावरकडच्या मराठी घरातले, तीन-चार पिढ्या इथेच, बँकेतून निवृत्त. आमच्याकडे मराठी बोलतात त्यात निम्मं तमिळ असतं आणि भांडण मात्र शुद्ध मराठीत होतं. त्यांनी माझा कागद वाचला.

"अगं, हे प्रश्न आहेत का आरोपपत्र?"

"प्रश्न आहेत. शेवटी प्रश्नचिन्ह आहे ना?"

"तुझ्या प्रश्नचिन्हाला विळ्यासारखी धार असते. पहिला जरा मऊ घे."

"अहो, मऊ घेतला की तोच तेवढा ठेवतील आणि बाकीचे गाळतील."

"सगळेच गाळतील. पैज?"

पैज मी घेतली नाही. हरणारी पैज मी घेत नाही.

प्रश्न असे होते. हे पान आधी कोणावर तपासून पाहिलं? मी सल्लागारांचा जुना अहवाल वाचला होता. त्यात एका कॉलेजातली मुलं होती. त्यांना काल्पनिक आईवडील दिले होते, काल्पनिक पगार दिला होता, आणि भाग घेतल्याबद्दल कॉफीची कुपनं. ज्या मुलाच्या आईला खरोखर धाप लागत नाही त्याने संगणकासमोर बसून केलेली निवड, अंबत्तूरच्या माणसाला कशी लागू होते? दुसरा, तीच माहिती उलटी मांडली असती, म्हणजे 'साडेनऊशे अधिक हातात' ऐवजी 'आईच्या जुन्या आजाराचं संरक्षण जाईल' असं लिहिलं असतं, तर निकाल तोच लागला असता का? ते करून पाहिलं का? तिसरा, नज नकोशी वाटली तर सहज झटकता आली पाहिजे, असं हे शास्त्रच सांगतं. 'नको' साठी काहीच करायचं नाही आणि 'हवा' साठी तीन पायऱ्या, याला सहज म्हणायचं का? चौथा, नकार दिला असं ज्यांना मोजलंय, त्यांतल्या किती जणांनी ते पान स्वतः वाचलं? आणि पाचवा, ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. डीफॉल्टचा प्रभाव जबरदस्त असतो असं तुम्ही पहिल्या पानावर म्हणता. शेवटच्या पानावर म्हणता, बहुतेक कर्मचाऱ्यांनी आईवडिलांचा विमा न घेणं पसंत केलं. यांतलं पहिलं खरं असेल तर दुसऱ्याला पसंती कसं म्हणता?

आदल्या दिवशी कागद परत आला. पाचही प्रश्न गेले होते. माझ्या नावापुढे एक नवा प्रश्न होता, 'अंबत्तूर विभागाने शंभर टक्के सहभागाचं यश कसं मिळवलं?'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच उठून एचआरप्रमुखांच्या केबिनमध्ये गेले.

"माझे प्रश्न कुठे आहेत?"

"मॅडम, बसा. कॉफी?"

"प्रश्न कुठे आहेत?"

"पाहुणे येतायत. साहेब असणार. तुमचे प्रश्न जरा... तांत्रिक आहेत. फ्लो बिघडतो."

"एका बाईचं ऑपरेशन अडकलंय."

"त्याचा या प्रेझेंटेशनशी काय संबंध?" ते खरंच आश्चर्याने म्हणाले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. "हे बघा, एकासाठी नियम मोडला तर विमा कंपनी म्हणेल, आजारी पडले की येतात. हिशेबातल्या माणसाला मी हे सांगायचं?"

त्यांचा हा मुद्दा बरोबर होता, म्हणून आणखी चीड आली. विमा चालतो तो निरोगी आणि आजारी दोघं मिळून हप्ता भरतात म्हणून. फक्त आजाऱ्यांना मागच्या दाराने आत घेतलं तर वर्षभरात हप्ता सगळ्यांना परवडेनासा होतो. मला क्रेनचालकासाठी मागचं दार नकोच होतं. मला पुढचं दार मुळात कोणी लावलं ते विचारायचं होतं.

"आणि कंपनीचा अर्धा हप्ता वाचला, तो?" मी विचारलं.

"तो योजनेचा हेतू नव्हता."

"मग अहवालात यशाखाली का लिहिलाय?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मी बाहेर आले.

प्रेझेंटेशन गिंडीच्या मोठ्या खोलीत होतं. एसी इतका की बाहेरच्या उन्हातून आलेलेही हात चोळत बसले होते. साहेब, म्हणजे आमचे व्यवस्थापकीय संचालक, मधे. त्यांच्या शेजारी विमा कंपनीच्या बाई, साठीकडे झुकलेल्या, कॉटनची साडी, समोर उघडी वही. भिंतीशी अंबत्तूरचा शॉपफ्लोअर सुपरवायझर, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर एक शील्ड. त्याला खास बोलावलं होतं.

सल्लागार तिशीचा मुलगा होता. बोलायचा चांगलं, आणि विषय त्याला येत होता, हे मान्य करते. एकच माहिती दोन तऱ्हांनी मांडली की माणसं वेगळा निर्णय घेतात. मिळणाऱ्या रुपयापेक्षा गमावलेला रुपया जास्त बोचतो. शेजारी काय करतो हे सांगितलं की आपणही ते करायला लागतो. सगळं बरोबर. मग शेवटचा मुद्दा त्याने पडद्यावर दाखवला. नोंदणीच्या महिन्यात दर आठवड्याला सगळ्या विभागांना ईमेल गेले, कोणत्या विभागात किती टक्के लोकांनी पोर्टलवर निवड पक्की केली याचे. पहिला आला त्याला शील्ड. अंबत्तूर सुरुवातीला सगळ्यात खाली होतं. शेवटच्या आठवड्यात एकदम शंभर टक्के.

"तुलनेची ताकद," तो म्हणाला. टाळ्या झाल्या. सुपरवायझर अर्धवट उठून पुन्हा बसला.

मग ठरलेले प्रश्न सुरू झाले. खरेदी विभागाने विचारलं, ही पद्धत इतर ठिकाणी कशी वापरता येईल. फार छान प्रश्न. विक्री विभागाने विचारलं, पुढचं पाऊल काय. हाही छान. मग एचआरप्रमुखांनी माझ्याकडे हात केला.

माझ्या हातात माझे पाच प्रश्न होते. ते वाचायचेच, असं ठरवून आले होते. पण मी सुपरवायझरकडे पाहिलं, आणि त्याच्या मांडीवरच्या त्या शील्डकडे, आणि मला एकदम वाटलं की मला दिलेलाच प्रश्न विचारावा. फक्त सल्लागाराला नाही.

"माझा प्रश्न अंबत्तूरच्या सुपरवायझरना आहे," मी तमिळमध्ये म्हटलं. "शंभर टक्के कसे मिळवले?"

सुपरवायझर खुशीत उभा राहिला आणि मधूनमधून साहेबांना 'सार' म्हणत सांगू लागला.

"मॅडम, दर सोमवारी ईमेल यायचा, आम्ही सगळ्यात खाली. स्टोअरवाले पण आमच्या वर! मला फोन करून हसायचे, सार. क्रेन झोपली का, म्हणायचे. आमच्या पोरांना कॉम्प्युटरवर बसायला वेळ कुठला? शिफ्ट सोडून कोण येणार? मग मीच बसलो. सगळ्यांचे कर्मचारी क्रमांक माझ्याकडे आहेत, पासवर्ड सुरुवातीचा तोच होता, कोणी बदललेला नव्हता. एकेकाचं पान उघडायचं, पक्कं करा दाबायचं. एका दुपारी सगळं उरकलं."

साहेब एचआरप्रमुखांकडे वळले. सुपरवायझरला वाटलं, अजून सांगायला हवं.

"आतलं काही बदललं नाही हं, सार. जसं होतं तसंच पक्कं केलं. कोणाचं उगाच काही चुकायला नको म्हणून."

अशी चूक त्याच्यासारख्या मनापासून काम करणाऱ्याकडूनच होते. त्याने काळजीपूर्वक, काही न बदलता, शंभराच्या वर माणसांच्या आईवडिलांना विम्यातून बाहेर काढलं होतं, आणि त्याबद्दल शील्ड मिळवलं होतं. मला त्याचा राग येईना. राग आला तो पडद्याचा. एका नजने त्याला ढोसलं आणि त्याच्या हाताने दुसरी नज दाबली गेली. आणि दोन्ही आकडे यशाच्या खात्यात: सहभाग शंभर टक्के, नकार बहुमताने.

"थँक यू, पुढचा प्रश्न..." एचआरप्रमुख म्हणाले.

"माझा संपला नाही." मी आता उभी होते. माझा आवाज कापत होता. रागाने माझा आवाज कापतो आणि लोकांना वाटतं मी घाबरले. "नकार कोणी दिला? या सुपरवायझरनी? ज्या आईचं नाव गेलं ती तर यांची नाही. तुम्ही म्हणता डीफॉल्ट बलवान असतो. बरोबर आहे. इतका बलवान की लोकांना न विचारताही चालला. मग याला पसंती का म्हणायचं? तुमच्या प्रयोगातल्या मुलांनी निदान पान तरी पाहिलं होतं!"

"मॅडम, हा मुद्दा आपण नंतर..."

"नंतर नाही. महिन्याने नूतनीकरण आहे. एका माणसाच्या आईची झडप बदलायची आहे आणि त्याच्या नावावर असा नकार लिहिलाय जो त्याने दिलेला नाही."

सल्लागार मुलगा पडद्यापाशी उभा होता. मला वाटलं होतं तो सारवासारव करेल. त्याने केली नाही.

"हे मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "तसं असेल तर अंबत्तूरच्या आकड्याचा अर्थच राहत नाही. प्रयोगात दिसलेला परिणाम प्रत्यक्षात बहुतेक वेळा कमी होतो. डीफॉल्ट त्या मानाने टिकतो. पण तो टिकला म्हणजे लोकांना तेच हवं होतं, असं त्यावरून म्हणता येत नाही. ते मी लिहायला नको होतं."

"मग लिहिलं का?"

"क्लायंटला..." म्हणाला आणि थांबला. क्लायंट त्याच्यासमोरच बसला होता.

विमा कंपनीच्या बाई तोवर वहीत लिहीत होत्या. त्यांनी वहीतून मान वर केली.

"मला जी यादी दिली ती 'नकार दिलेल्यांची' म्हणून दिली," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्या यादीवर मी दोन वर्षांची अट लावली. ज्याला विचारलंच नाही त्याच्यावर ती लागत नाही. पण एक ऐका. एकट्या क्रेनवाल्याला मी घेणार नाही. उद्या माझ्याकडे फक्त आजारीच येतील. अंबत्तूरच्या सगळ्यांना पुन्हा विचारा, नीट विचारा, आणि निरोगी आईवडील असलेलेही येऊ देत. आणि कंपनीने लिहून द्या की आधीची पसंती कर्मचाऱ्यांनी केलेली नव्हती."

"लिहून?" एचआरप्रमुख म्हणाले. "लेखी म्हणजे... ऑडिट..."

"लेखी," बाई म्हणाल्या.

साहेबांनी कपाळ चोळलं. ते कुणाकडेच न पाहता म्हणाले, "कमीत कमी काय लिहिलं तर चालेल?"

हे वाक्य मी विसरणार नाही. बरोबर काय ते नाही. कमीत कमी काय ते. पण त्यांनी सही केली. त्या दिवशी नाही, पाच दिवसांनी, तीनदा मसुदा बदलून. शेवटच्या मसुद्यात 'प्रणालीगत विसंगती' असं काहीतरी होतं. विमा कंपनीच्या बाईंनी तो परत पाठवला आणि त्या जागी साधं वाक्य लिहायला लावलं. मला त्या बाईंची ओळख करून घ्यायची होती. राहून गेली.

मला एचआरप्रमुखांनी त्या आठवड्यात एकदाच गाठलं, लिफ्टपाशी.

"तुम्ही दिलेलाच प्रश्न विचारलात," ते म्हणाले. "तुमच्यावर काही कारवाई करता येत नाही."

"करून तर बघा," मी म्हटलं.

पुन्हा विचारायचं काम माझ्यावरच आलं. शिक्षा म्हणून आलं असणार, पण मला तेच हवं होतं. कागद मी स्वतः बनवला, तमिळमध्ये, एका बाजूला. दोन चौकोन, एकातही आधी खूण नाही. हप्ता किती, तो पगारातून किती कापला जाईल. विमा घेतला नाही तर काय जातं. नाही म्हटलं तर दोन वर्षं परत घेता येत नाही, तेही त्याच आकाराच्या अक्षरांत. यजमानांनी तमिळ तपासून दिलं.

"यात तर काहीच ढोसणं नाही," ते म्हणाले. "अगदी कोरं."

"कोरं काही नसतं. कुठला चौकोन वर छापायचा यावरच मी अर्धा तास घालवलाय."

"मग कुठला वर?"

"निम्म्या कागदांवर हा, निम्म्यांवर तो."

ते हसले. "तुझ्यातसुद्धा एक सल्लागार आहे गं." हे मला लागलं, पण खोटं नव्हतं.

अंबत्तूरला मी शिफ्ट बदलताना जायचे. गेटच्या आत टाइमकीपरच्या खोलीबाहेर टेबल टाकलं होतं. सुपरवायझर मदतीला होता; तो त्या दिवसापासून माझ्याशी बोलताना 'अक्का' म्हणायला लागला होता, का ते मला कळलं नाही. मी फक्त वाचून दाखवायचं, खूण प्रत्येकाने स्वतः करायची, असं मी ठरवलं होतं. सुपरवायझरला दोनदा सांगावं लागलं की पेनला हात लावायचा नाही.

क्रेनचालक पहिल्या दिवशीच आला. मी वाचायला सुरुवात केली.

"मॅडम, कुठे खूण करायची तेवढं सांगा. क्रेन थांबलीय वर."

"आधी ऐक."

"माझी आई आहे. मला काय ऐकवताय?"

"नियम सगळ्यांना सारखा."

तो दातओठ खात उभा राहिला आणि मी शेवटपर्यंत वाचलं. मग त्याने खूण केली, इतक्या जोरात की कागद फाटला, आणि मला दुसरा भरून घ्यावा लागला. तो दुसरा भरतानाही मी पुन्हा वाचणार म्हणून तो माझ्याकडे असा पाहत होता की मी नाही वाचलं.

सगळे काही 'हवा' म्हणाले नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. बरेच म्हणाले, आधी नावं होती त्यांतले निम्म्याहून खूप जास्त. पण काहींनी शांतपणे ऐकलं, बोटांवर हिशेब केला, आणि 'नको' वर खूण केली. एकाचे वडील नुकतेच गेले होते आणि आईला भावाकडून विमा होता. एकाला मुलीच्या फीसाठी ते साडेनऊशे हवे होते. त्याला मी विचारलं, नक्की? आणि विचारताक्षणीच लक्षात आलं की 'हवा' म्हणणाऱ्यांना मी हे विचारलं नव्हतं. तोही माणूस माझ्याकडे पाहून म्हणाला, "मॅडम, नाही म्हणायचं नसेल तर दोन चौकोन कशाला छापलेत?"

मी त्याचा कागद 'नको'च्या गठ्ठ्यात ठेवला.

नूतनीकरण झालं. क्रेनचालकाच्या आईचं नाव पहिल्या दिवसापासून लागलं आणि झडप बदलली. तो पेढे घेऊन गिंडीला आला, पण ते घेऊन आधी एचआरच्या केबिनमध्ये गेला, कारण त्याला कुणीतरी सांगितलं होतं की हे एचआरने करून दिलं. मला उरलेले दोन मिळाले. मी ते तिथेच खाल्ले. त्याची आई घरी आली होती.

यंदा पुन्हा प्रेझेंटेशन झालं. दुसरी सल्लागार कंपनी होती. पडद्यावर अंबत्तूरच्या टेबलाचा फोटो होता, आणि त्याखाली लिहिलं होतं की आमच्या कंपनीने कर्मचाऱ्यांना सक्रिय निवडीचा पर्याय देण्याचा अभिनव प्रयोग केला. आदल्या आठवड्यात प्रश्न मागवणारा ईमेल आला तेव्हा मी काही पाठवलं नाही. एचआरप्रमुखांचा फोन आला, तुमचा प्रश्न आला नाही, तुम्हाला काही विचारायचं नाही असं समजू का?

"नाही," मी म्हटलं. "असं काहीही समजायचं नाही. मी त्या दिवशी विचारेन."